गोल्फचे जुने आयर्न घेताना: आधी लांबी, मग लाय, शेवटी ग्रिप

प्रश्न: माझी उंची ५ फूट ८ इंच. उजव्या हाताने खेळतो. गेले काही महिने मित्राच्या स्टँडर्ड ७ आयर्नवर सराव चालू आहे. आता ५ आयर्न ते पिचिंग वेज असा एक जुना सेट मिळतोय. विकणारा म्हणतो, "अर्धा इंच जास्त लांब, २ डिग्री अपराइट, मिडसाइज ग्रिप." हा सेट मला चालेल का? नसेल तर माझ्या मापाचा करून घेता येईल का? आणि बघायला गेल्यावर नक्की काय तपासू?

उत्तर:

आहे तसा बहुधा चालणार नाही, पण मापात आणता येण्याची शक्यता चांगली आहे. शाफ्ट अर्धा इंच कापणं आणि ग्रिप बदलणं ही कोणत्याही क्लब दुरुस्त करणाऱ्याची रोजची कामं आहेत. लाय दोन डिग्री मागे आणणं मात्र हेड कोणत्या धातूचं आहे यावर ठरतं. त्यामुळे पैसे देण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात: हेड वाकवता येतं का, आणि लांबीचा अर्धा इंच कारखान्यातून आलाय की मागच्या मालकाने नंतर जोडलाय. दुसरा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण कापल्यावर क्लब हातात कसा लागेल ते त्यावरच ठरतं. त्याचा हिशोब पुढे देतो.

आधी लाय म्हणजे काय ते नीट बघू, कारण सगळा घोळ इथेच होतो. क्लबचा सोल, म्हणजे हेडचा तळ, जमिनीवर सपाट टेकवून, चेहऱ्यावरचे ग्रूव्ह जमिनीला समांतर ठेवले की शाफ्ट आणि जमीन यांच्यामध्ये जो कोन होतो तो लाय अँगल. आजच्या बऱ्याच सेटमध्ये ७ आयर्नचा लाय ६२ ते ६३ डिग्रीच्या आसपास असतो. क्लब अर्ध्या इंचाने आखूड होत जातो तसा लाय साधारण अर्ध्या डिग्रीने वाढत जातो. म्हणजे ७ आयर्न ३७ इंच आणि ६२.५ डिग्री असेल, तर ५ आयर्न ३८ इंच आणि ६१.५, पिचिंग वेज साडेपस्तीस इंच आणि ६४ च्या जवळ. कोन जास्त असेल तर क्लब अपराइट, कमी असेल तर फ्लॅट.

तुमच्यासाठी क्लब जास्त अपराइट असला की चेंडूला लागताना टो, म्हणजे हेडचं शाफ्टपासून लांबचं टोक, वर उचललेला राहतो आणि हील, म्हणजे शाफ्टजवळचं टोक, आधी टेकते. चेहऱ्याला लॉफ्ट, म्हणजे मागे कललेला कोन, असल्यामुळे असा कलंडलेला चेहरा सरळ समोर न बघता थोडा डावीकडे बघतो. लॉफ्ट जितका जास्त तितका हा परिणाम मोठा. ढोबळ हिशोब असा: लायमधली चूक गुणिले लॉफ्टचा टॅन्जंट. लाय ३ डिग्री चुकला असेल, तर ४५ डिग्रीच्या वेजचा चेहरा जवळपास ३ डिग्री डावीकडे जातो. ३२ डिग्रीच्या ७ आयर्नचा दोनच्या थोडा आत, २५ डिग्रीच्या ५ आयर्नचा दीडच्या आत. ११० यार्डांवर वेजची दिशा जवळजवळ ६ यार्ड चुकली आणि १५० यार्डांवर ७ आयर्नची ५ यार्ड. त्यात चेंडू हवेत डावीकडे वळला तर आणखी भर. म्हणूनच लाय चुकलेल्या सेटची तक्रार बहुतेक वेळा "वेज डावीकडे जातात, लांब आयर्न ठीक आहेत" अशी ऐकू येते. लांब आयर्नचा लायही तितकाच चुकलेला असतो, फक्त कमी लॉफ्टमुळे तो दिसत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करू. पवित्रा घेऊन खाली बघितलं की टो जमिनीपासून थोडा वर दिसतो आणि लोक लगेच "क्लब अपराइट आहे" असा निकाल देतात. स्विंगमध्ये हेडचं वजन शाफ्टला खाली वाकवतं आणि टो खाली येतो. शिवाय चेंडूला लागताना हात पवित्र्यापेक्षा जरा उंच असतात. त्यामुळे उभं राहिल्यावर टोखाली एखादं नाणं सरकेल इतकी फट असणं योग्यच आहे. लाय ठरतो तो चेंडूला लागतानाच्या क्षणी, उभं असताना नाही. दुकानात सोल टेकवून "बरोबर बसतोय" असं ठरवून घेतलेला क्लब बरेचदा खेळताना फ्लॅट निघतो.

मग खरा लाय शोधायचा कसा? सगळ्यात स्वस्त आणि विश्वासार्ह पद्धत एका मार्करवर होते. पुसता येणाऱ्या मार्करने चेंडूवर एक जाड सरळ रेघ काढा. चेंडू असा ठेवा की ती रेघ क्लबच्या चेहऱ्याकडे आणि अगदी उभी राहील. नंतर मित्राच्या ७ आयर्नने नेहमीसारखा शॉट मारा. चेहरा कोरडा आणि पुसलेला असेल तर रेघेचा ठसा त्यावर उमटतो. ठसा ग्रूव्हना काटकोनात असेल तर लाय बरोबर. ठशाचं वरचं टोक टोच्या बाजूला झुकलं असेल तर क्लब तुमच्यासाठी अपराइट, हीलकडे झुकलं असेल तर फ्लॅट. चेहऱ्याचा समोरून फोटो काढून त्यावर कोन मोजलात तर किती डिग्री तेही कळतं. ठसा २ सेंटिमीटर लांब धरला तर ३ डिग्रीची चूक वरच्या टोकाला साधारण १ मिलिमीटर सरकलेली दिसते, म्हणून नुसत्या नजरेवर जाऊ नका.

असे आठ-दहा शॉट मारा, आणि जे चेहऱ्याच्या मध्यावर लागले तेवढेच धरा. ठसे एकमेकांपासून दोन डिग्रीपेक्षा जास्त फिरत असतील तर तुमचे हात दर वेळी वेगळ्या उंचीवर येत आहेत. अशा अवस्थेत लाय बदलून घेण्यात अर्थ नाही, स्टँडर्डवरच थांबा. सोलला पट्टी लावून कडक फळीवरून मारायची पद्धतही आहे, पण फळी दिसली की बरेच जण नकळत चेंडू वरच्यावर उचलायला जातात आणि हातांची उंची बदलते. रेघ काढलेला चेंडू गवतावरून, रोजच्यासारखा मारता येतो.

मित्राच्या क्लबने तुमचा ठसा सरळ येतोय असं धरून पुढचा हिशोब करतो. तो क्लब नेमका किती इंच आणि किती डिग्री आहे तेही मोजून ठेवा. तो तुमचा संदर्भ. आपण ३७ इंच आणि ६२.५ डिग्री धरू.

आता लांबी. ५ फूट ८ इंच उंची एवढ्यावर काही ठरत नाही, कारण हात लांब की आखूड यावर सगळं फिरतं. खेळताना घालता तेच बूट घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा, आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. तुमच्या उंचीला हे अंतर ३४ इंचाच्या आसपास आलं तर बहुतेक तक्ते स्टँडर्ड लांबीच सांगतील. ३६ आलं तर हात आखूड आहेत आणि अर्धा इंच जास्त लांबीचा क्लब तुम्हाला खरोखर सोयीचा ठरू शकतो. पण तक्ता ही सुरुवात. शेवटचा शब्द चेहऱ्यावरच्या ठशांचा. चेहऱ्यावर कोरड्या पावडरचा हलका थर देऊन दहा चेंडू मारा. ठसे मध्याभोवती गोळा होत असतील तर लांबी जमली. सगळे हीलकडे सरकले तर क्लब लांब असण्याची शक्यता, सगळे टोच्या बाजूला तर आखूड असण्याची. चेंडूपासून उभं राहण्याचं अंतर चुकलं तरी हेच दिसतं, म्हणून आधी तेवढं सुधारून पुन्हा मारून बघा.

लांबी आणि लाय एकमेकांना बांधलेले आहेत, आणि जुन्या सेटच्या जाहिरातीत नेमकं हेच कुणी सांगत नाही. हात आहेत त्याच उंचीवर ठेवून क्लब अर्धा इंच लांब केला तर हेड पुढे सरकतं, शाफ्ट जरा आडवी होते आणि टो वर उचलला जातो. नुसत्या भूमितीने हा फरक दीड डिग्रीच्या जवळ येतो. खेळाडू थोडा उंच उभा राहून त्यातला काही भाग भरून काढतो, म्हणून अर्ध्या इंचाला एक डिग्री असा व्यवहारातला हिशोब धरतात. तेव्हा विकणारा जे "२ डिग्री अपराइट" म्हणतोय ते तुमच्यासाठी ३ डिग्री अपराइट खेळणार. वर वेजचा जो ६ यार्डांचा हिशोब दिला तो म्हणजे तुमचाच हा सेट.

काही जण अशा वेळी सांगतील, "क्लब अर्धा इंच खाली धरा, झालं." तात्पुरती चाचणी म्हणून ते छान आहे. खाली धरून ठसे मध्यावर आले तर कापणं योग्य ठरेल हे कळतं. पण खाली धरून लाय पूर्ण सुधारत नाही, मूळचे २ डिग्री तसेच राहतात. आणि ग्रिप खाली निमुळती होत जाते, त्यामुळे हाताला ती बारीक लागते.

क्लब बघायला जाताना लांब मेजर टेप, एक छोटं लोहचुंबक, कोन मोजणारं अॅप असलेला फोन आणि बारीक कडक तार एवढं बरोबर घ्या.

सुरुवात लांबीपासून. क्लब खेळताना असतो तसा सोलवर टेकवा. टेप शाफ्टच्या मागून धरा आणि हीलजवळच्या जमिनीपासून ग्रिपच्या टोपीच्या कडेपर्यंत मोजा. विकणाऱ्याच्या "अर्धा इंच जास्त" या शब्दांवर विसंबू नका, कारण जास्त म्हणजे कशापेक्षा? जुन्या काळच्या बऱ्याच सेटमध्ये ७ आयर्न साडेछत्तीस इंचाचा असायचा, आता स्टीलमध्ये ३७ सर्रास दिसतो आणि ग्राफाइट शाफ्ट त्याहूनही थोडी लांब येते. जुन्या मापात अर्धा इंच वाढवलेला क्लब म्हणजे आजचा स्टँडर्डच निघू शकतो. तसं निघालं तर निम्मं काम वाचलं. सहाही क्लब मोजा. लागोपाठच्या दोन क्लबांमध्ये अर्धा इंचाचं अंतर यायला हवं. पिचिंग वेजला काही कंपन्या पाव इंचच अंतर ठेवतात, तेवढं चालतं. पण मधलाच एखादा क्लब शेजारच्याइतकाच लांब निघाला तर तो दुसऱ्या सेटमधला आहे किंवा त्याची शाफ्ट बदललेली आहे.

मग तो अर्धा इंच आला कुठून ते शोधा. ग्रिपच्या टोपीला मध्यभागी छोटं छिद्र असतं. त्यातून तार सरळ आत घाला. थोड्याच अंतरावर ती कशाला तरी अडली तर आत जोडतुकडा, म्हणजे लांबी वाढवायला शाफ्टच्या टोकात चिकटवलेला प्लग असण्याचा संभव मोठा. तार खोल गेली तरी जोड नाहीच असं मात्र म्हणता येत नाही, कारण काही प्लग पोकळ असतात. ग्रिपा झिजलेल्या असतील तर एक ग्रिप कापून बघू द्यायला विकणारा सहसा तयार होतो, कारण त्या बदलायच्याच असतात. जोड असेल तर शाफ्टचं मूळ टोक आणि वरचा तुकडा यांच्यामधली रेघ उघड दिसते. एका हाताने शाफ्ट धरून दुसऱ्या हाताने ग्रिपचा वरचा इंच दाबून पिळा. करकर वाजलं किंवा हलल्यासारखं वाटलं तर जोडाचा गोंद सुटलाय. तो क्लब खेळताना धोक्याचा आहे. काही कंपन्या हेडवरच्या अनुक्रमांकावरून सेट मूळ कोणत्या मापात बनला होता ते सांगतात. तसं मिळालं तर सगळ्यात पक्कं.

आता चुंबक. स्वस्त पेटी-सेटमधली काही हेड जस्ताच्या मिश्रधातूची असतात. ती वाकत नाहीत, वाकवायला गेलं की होझल, म्हणजे शाफ्ट बसते तो हेडचा गळा, मोडतं. जस्ताला चुंबक चिकटत नाही. चुंबक घट्ट चिकटलं तर हेड पोलादाचं आहे एवढं नक्की झालं. न चिकटल्यास लगेच जस्त ठरवू नका, काही स्टेनलेस स्टीललाही चुंबक लागत नाही. अशा वेळी मॉडेलचं नाव टिपून घ्या आणि वाकवणाऱ्याला विचारल्याशिवाय सौदा करू नका. पोलादातही दोन जाती आहेत. मऊ कार्बन पोलादाची फोर्ज केलेली हेड सहज वाकतात आणि ३ डिग्रीपर्यंत फारशी कुरकुर करत नाहीत. साच्यात ओतलेली १७-४ प्रकारच्या स्टेनलेसची हेड चिवट असतात. त्यांना बहुतेक कारागीर २ डिग्रीची मर्यादा ठेवतात, आणि तीही मॉडेल बघून. तुम्हाला हवेत नेमके २ डिग्री, म्हणजे मर्यादेच्या काठावर.

म्हणून होझल अगदी जवळून बघा. उजेडात तिरपा धरून फिरवा. हेड आणि शाफ्ट जिथे मिळतात त्याच्या खालच्या गळ्यावर वाकवायच्या दांड्याचे दाबाचे ठसे, क्रोमवर बारीक सुरकुत्या किंवा केसासारखी रेघ दिसते का? दाबाचे ठसे म्हणजे लाय नंतर वाकवून घेतलाय, ते वाईट नाही. उलट मागच्या मालकाने वाकवलं असेल तर हेड वाकतं हे सिद्ध झालं, आणि तुम्ही त्याला त्याच्या मूळ जागी परत नेत आहात. केसासारखी रेघ मात्र तडा असू शकते. ती दिसली तर सेट सोडून द्या. दोनदा-तीनदा पुढेमागे वाकवलेला धातू थकतो आणि तो कधी तुटेल हे कुणी सांगू शकत नाही.

लाय तिथल्या तिथे मोजायचा तर असं करा. सपाट फरशीवर क्लब टेकवा, ग्रिपचा वरचा भाग टेबलाच्या कडेला आधाराने उभा करा आणि ग्रूव्ह फरशीला समांतर येईपर्यंत फिरवा. फोन दोन मीटर लांब, चेहऱ्याच्या अगदी समोर आणि शाफ्टच्या मधल्या उंचीवर ठेवून फोटो काढा. जवळून किंवा वरून काढलेल्या फोटोत कोन फसवा येतो. फरशी आणि शाफ्ट यांच्यामधला कोन फोटोत मोजा. यात एक डिग्री इकडेतिकडे होणारच, पण ६२.५ आणि ६४.५ यांतला फरक कळायला एवढं पुरतं. मुख्य म्हणजे सगळे क्लब एकाच पद्धतीने मोजले की क्रम दिसतो. ५ आयर्नपासून वेजपर्यंत कोन वाढत गेला पाहिजे. ८ आयर्न आणि वेजचा कोन सारखाच आला तर सेट कुणीतरी अर्धवट वाकवलेला आहे. काही सेटवर लायचा रंगीत ठिपका असतो. पिंगच्या आयर्नवर काळा ठिपका म्हणजे त्यांचा स्टँडर्ड, निळा आणि हिरवा अपराइट बाजूचे, लाल आणि नारिंगी फ्लॅट बाजूचे. एका ठिपक्याला नेमके किती डिग्री हे सगळ्या वर्षांत सारखं नाही, आणि नंतर कुणी वाकवलं असेल तर ठिपका जुनंच सांगत राहतो.

आता स्विंगवेटचा हिशोब. स्विंगवेट म्हणजे क्लबचं वजन हेडकडे किती झुकलंय त्याचं माप. पुरुषांच्या आयर्नना डी-१, डी-२ सर्रास दिसतं. तीन आकडे लक्षात ठेवा. लांबी अर्धा इंच बदलली की ३ पॉइंट बदलतात. हेडमध्ये २ ग्रॅम म्हणजे १ पॉइंट. ग्रिपमध्ये साडेचार ग्रॅमच्या आसपास म्हणजे १ पॉइंट, पण उलट दिशेने, कारण ग्रिप जड झाली की हेड हलकं भासतं.

पहिली शक्यता: सेट मूळ ३७ इंच, डी-२ होता आणि मागच्या मालकाने प्लग लावून अर्धा इंच वाढवला. त्याने स्विंगवेट डी-५ झाला. नंतर ५० ग्रॅमची ग्रिप काढून ६३ ग्रॅमची मिडसाइज बसवली, तेव्हा ३ पॉइंट उतरले आणि क्लब पुन्हा डी-२ वर आला. तुम्ही अर्धा इंच कापून ५० ग्रॅमची स्टँडर्ड ग्रिप बसवलीत की कापल्याचे ३ वजा आणि ग्रिपचे ३ अधिक, म्हणजे पुन्हा डी-२. हेडला हात लावायची गरज नाही. प्लगचा आत उरलेला भाग काही ग्रॅम भर घालतो, पण तो हाताखालीच असतो, जाणवत नाही.

दुसरी शक्यता: सेट कारखान्यातच अर्धा इंच जास्त लांब बनला. तेव्हा काही कंपन्या हेड मुद्दाम सुमारे ६ ग्रॅम हलकी निवडतात, म्हणजे स्टँडर्ड ग्रिपसह क्लब डी-२ राहतो. यावर नंतर मिडसाइज ग्रिप आली म्हणजे सध्या तो सी-९ आहे. तुम्ही कापून स्टँडर्ड ग्रिप लावलीत तरी तो सी-९ वरच राहणार. हातात घेतल्यावर हेड कुठे आहे तेच कळत नाही असा क्लब. उपाय आहे: चेहऱ्याच्या मागच्या बाजूला ६ ग्रॅम शिशाची पट्टी, मध्यावर, खालच्या कडेजवळ. टोजवळ किंवा हीलजवळ गठ्ठा करून लावू नका, गुरुत्वमध्य सरकतो. पट्टी सहाही क्लबांना लागेल, हे सौदा करतानाच मनात धरा. आणि ग्रिप खरी मिडसाइज आहे की स्टँडर्ड ग्रिपखाली टेपचे थर देऊन जाड केलेली आहे हेही बघा. थरांचं वजन फार कमी असतं, तेव्हा वरच्या हिशोबातले ३ पॉइंट एक-दीडवर येतील. उतरवलेली ग्रिप स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली की खरं काय ते कळतं.

कापायचं ते नेहमी ग्रिपच्या टोकाकडून. स्टील शाफ्टला पाइपकटर चालतो. ग्राफाइटला तो कधीच लावू नका, धागे चिरडतात. कापायच्या जागी टेप गुंडाळून बारीक दातांच्या करवतीने, तोंडावर मास्क लावून कापायचं. पाव-पाव इंचाने जा. कापलेलं परत जोडता येतं, पण मग तुम्हीही प्लगवाले मालक होता.

लाय वाकवायचा तो लांबी कापल्यानंतरच. आधी वाकवून मग कापलंत तर तो सुमारे एक डिग्री पुन्हा हलतो. आपल्या उदाहरणात अर्धा इंच कापल्यावर लांबीमुळे आलेली एक डिग्री आपोआप जाते आणि वाकवायचे फक्त २ उरतात. वाकवणाऱ्याकडे लॉफ्ट-लायचं यंत्र असायला हवं, शिकंजात हेड दाबून अंदाजाने वाकवणारा नको. दांडा जरा तिरका लागला की लायबरोबर लॉफ्टही एक-दोन डिग्री हलतो, आणि दोन क्लब एकाच अंतरावर जायला लागतात. म्हणून वाकवण्याआधी आणि नंतर दोन्ही वेळचे लॉफ्ट आणि लाय कागदावर लिहून मागा. पहिला ७ आयर्न करून घ्या, रेघ काढलेल्या चेंडूने तपासा, ठसा सरळ आला की बाकीचे पाच. कारागीर म्हणाला की या हेडला एकच डिग्री देतो, जास्त नाही, तर ते मान्य करा. उरलेली एक डिग्री ७ आयर्नला १५० यार्डांवर दीड यार्डाच्या आसपास पडते. त्यासाठी होझल मोडायची जोखीम घेण्यात शहाणपण नाही.

ग्रिपचं माप थोडक्यात होतं. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात मोजा. ७ ते पावणेनऊ इंचांत बहुतेक पुरुषांना स्टँडर्ड बसते, त्यावर सव्वानऊपर्यंत मिडसाइज. मग डाव्या हाताने क्लब धरून मधली दोन बोटं बघा. टोकं तळव्याच्या गादीला अलगद टेकली तर माप जमलं. बोटं तळव्यात रुतत असतील तर ग्रिप बारीक, मध्ये फट राहत असेल तर जाड. स्टँडर्ड म्हणजे टोपीपासून २ इंच खाली मोजलेला ०.९ इंच, सुमारे २३ मिलिमीटर व्यास. मिडसाइज त्याहून १/१६ इंच, म्हणजे दीड मिलिमीटर जाड. दोन्हींच्या मध्ये असाल तर स्टँडर्ड ग्रिपखाली मास्किंग टेपचे एक-दोन थर द्या. बारीक ग्रिपने चेंडू डावीकडे आणि जाड ग्रिपने उजवीकडे जातो असं सांगतात. काहींच्या बाबतीत ते खरं असतं, सगळ्यांच्या नाही. म्हणून दिशेची तक्रार ग्रिपने सोडवायला जाऊ नका, ती लायने सोडवा.

नवीन ग्रिप घेताना तिच्या तोंडाच्या आत छापलेला आकडा बघा. तिथे ५८, ६० किंवा ६२ असं काही असतं, ते शाफ्टच्या टोकाच्या व्यासाचं माप. स्टील आयर्नची शाफ्ट साधारण ०.६ इंचाची, म्हणजे तिला ६० ची ग्रिप. ५८ ची लावली तर ती ताणली जाऊन सुमारे १/६४ इंच जाड होते, आणि "स्टँडर्ड मागितली, जाड का लागते" असा प्रश्न पडतो. कॅलिपरने शाफ्ट मोजूनच ग्रिप मागवा. जुना टेप पूर्ण खरवडून काढा, त्याचा एक थर जरी खाली राहिला तरी एकाच सेटमध्ये दोन क्लब दोन जाडीचे होतात.

सगळं झाल्यावर रेघेचा चेंडू घेऊन पुन्हा मारा, यावेळी ५, ७ आणि वेज या तिघांनी. ७ सरळ आणि वेजचा ठसा टोच्या बाजूला झुकलेला, असं दिसणं अगदी शक्य आहे, कारण आखूड क्लबवर शाफ्ट कमी वाकते आणि टो तितका खाली येत नाही. तसं आलं तर फक्त वेज आणि ९ आयर्न आणखी अर्धा-एक डिग्री फ्लॅट करून घ्या, पण हेड देत असेल तेवढंच. बाकीचे आहेत तसे राहू द्या.